यादीत सगळ्यांची नावं

बागसला चांग्शाचं वेड लागलं होतं, एवढंच म्हटलं तर कमी पडेल. चीनमधल्या त्या शहरात तो चार वर्षं राहिला, तिथल्या एका बड्या कंपनीत भाजीची खोकी उचलण्यापासून सुरुवात करून वरपर्यंत चढला आणि तो सगळा धंदा डोक्यात भरून इंडोनेशियातल्या आपल्या सेमारांगला परत आला. बोलता बोलता तो "आमच्या चांग्शाला" म्हणायचा. त्याची आई इथल्याच बाजारात तीस वर्षं बटीकचं लुंगीकापड विकत बसलेली, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्याचं ते "आमच्या" ऐकलं की पोरी तोंडावर हात धरून हसायच्या.

धंदा मात्र अस्सल होता, त्यात वाद नाही. चांग्शाला एकेका वसाहतीत दोन दोन हजार घरं. त्यातली एक चुणचुणीत बाई निवडायची, तिनं शेजाऱ्यांचा फोनवर गट करायचा. रात्री नऊपर्यंत ज्याला जे हवं ते त्यानं सांगायचं. कंपनीनं तेवढाच माल उचलायचा, ना किलोभर जास्त ना कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा ढीग त्या बाईच्या दारात येऊन पडायचा आणि कामावरून परतणारे लोक आपापली पिशवी घेऊन वर जायचे. घरोघरी माणूस पाठवायला नको, दुकानाचं भाडं नको, सडून जाणारा माल नको. बाईला विक्रीतला दहावा हिस्सा. सगळे खूश.

हा धंदा सेमारांगात उभा करायचा म्हणून बागसनं 'बाकुलकिता' नावाची कंपनी काढली आणि रेत्नोला बोलावून घेतलं. रेत्नो छत्तीस वर्षांची, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. बारा वर्षं साबण आणि शेवया विकत तिनं मध्य जावाची एकही वस्ती पायाखाली घालायची सोडली नव्हती. परदेशातून आलेली गोष्ट इथे का चालते आणि का आपटते, याचं तिच्याइतकं नाक कुणालाच नव्हतं. निदान तिचा तसा समज होता.

पहिल्याच दिवशी तिनं काचेच्या भिंतीवर मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे लिहिलं 'जसंच्या तसं', उजवीकडे 'तपासून'. डावीकडे नऊची वेळ, दुसऱ्या दिवशीची दुपार, मागणीइतकाच माल. उजवीकडे बाकी सगळं.

"रेत्नोताई, उजवीकडे फार झालं हो," बागस म्हणाला. "आमच्या चांग्शाला..."

"तुमच्या चांग्शाला दोन हजार घरांचा मनोरा आहे. इथे सत्तर घरांची गल्ली आहे, तिच्यातून दोन स्कूटर समोरासमोर जात नाहीत. तिथली बाई रात्री आठला कामावरून येते. इथली बाई सकाळी साडेसहाला दारात उभी असते आणि भाजीची गाडी तिच्या उंबऱ्याशी येते. ती उद्या दुपारपर्यंत कशाला थांबेल?"

"मग नाही चालणार म्हणता?"

"म्हणत नाही. तपासू म्हणते."

बागस वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पुढचं सगळं त्यानंच केलं. तो म्हणाला, "तुम्ही तपासा. तुमची तपासणी जे सांगेल ते मी करीन. नाही म्हणालात तर मी दुसरा धंदा बघीन." आणि तो शब्दाला पक्का होता.

रेत्नोनं तीन गल्ल्या निवडल्या, चार महिने ठरवले आणि आधीच लिहून ठेवलं की सत्तरातल्या तीस घरांनी दर आठवड्याला काही ना काही मागवलं तर गाडी गल्लीत आणणं परवडेल, त्याखाली नाही. आधी लिहून ठेवायचं कारण म्हणजे नंतर माणूस आकड्याच्या प्रेमात पडतो. ही शिस्त ती साबणवाल्यांकडे शिकली होती.

आता गटाची बाई कोण? चिनी पुस्तकात लिहिलं होतं, जिला सगळे ओळखतात आणि जिच्या शब्दाला मान आहे ती. इथे अशी बाई शोधायला डोकं लढवावं लागत नाही. दर गल्लीला लोकांनी निवडलेला एक प्रमुख असतो आणि त्याची बायको ही आपोआप गल्लीची प्रमुखीणबाई होते. लसीकरण तिच्या ओसरीवर, बायकांची भिशी तिच्या घरी, कुणाचं मूल तापलं तरी पहिली हाक तिला. रेत्नोनं तिन्ही गल्ल्यांत प्रमुखीणबाईच घेतल्या.

दुसरी युक्ती तिची स्वतःची होती, आणि तिचा तिला मनातून फार अभिमान होता. चांग्शाच्या लोकांजवळ खास तयार केलेलं ॲप होतं. इथल्या बायकांनी फोनवर आणखी एक ॲप घेतलं नसतं. पण सहलीला कोण येणार, भिशीला कोण काय आणणार, हे त्या कसं ठरवतात? एक जण गटावर यादी टाकते, एक आकडा, एक नाव. पुढची ती यादी उचलते, खाली आपलं नाव जोडते आणि परत टाकते. यादी अशी लांबत जाते. रेत्नोनं म्हटलं, मागणीही अशीच घ्यायची. १. बू वार्सिती, साखर एक किलो. २. बू एन्दांग, अंडी दहा. इथे बाईला मानानं बू म्हणतात, पुरुषाला पाक. बागसला हे इतकं आवडलं की त्यानं ते चांग्शाला फोन करून सांगितलं.

तीनपैकी एक गल्ली होती केंबांग तुरी, आणि तिथली प्रमुखीणबाई होती रेत्नोची सख्खी मोठी बहीण सुलिस.

सुलिस तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा रेत्नो सातवीत होती. सुलिसनं नर्सिंगचा नाद सोडला, शिवणयंत्र घेतलं आणि धाकटीला शिकवलं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच ते रेत्नोच्या मानेवरून कधी उतरलं नाही. 'बाकुलकिता'चं काम मिळाल्यावर सुलिसनं पुढच्या खोलीतलं शिवणयंत्र भाचीला देऊन टाकलं, तिथे बर्फाची पेटी ठेवली, भिंतीला रंग दिला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काम दिलं होतं, ज्याचा तिला पाटीवर लिहिण्यासारखा हुद्दा होता. पाटी तिनं खरंच लावली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी आकडे आले. तीस हवे होते, केंबांग तुरीत सत्तरातली एकसष्ट घरं दर आठवड्याला मागवत होती. बाकी दोन गल्ल्यांत अठ्ठावन्न आणि पंचावन्न. एकदा मागवलेलं घर दुसऱ्यांदा मागवतंच. चार महिन्यांत एकानंही गट सोडला नव्हता. बागसनं ऑफिसात सगळ्यांना लुंपिया खाऊ घातले, बांबूचे गोडसर कोंब भरून तळलेले, गरम गरम. रेत्नोनं दोन खाल्ले.

तिसरा तिच्या हातातच राहिला, कारण ती खालचा तक्ता बघत होती. कोण किती वेळा मागवतं हा वरचा तक्ता. काय मागवतं हा खालचा. त्यात साखर, तेल, साबण, साखर, मीठ, तेल. एका नावापुढे एकच वस्तू. पहिल्या आठवड्यात बू एन्दांगनं दहा अंडी मागवली, सोळाव्या आठवड्यातही दहाच अंडी. भाजी जवळजवळ नाहीच. मासळी नाही. बारा वर्षांत रेत्नोनं एक गोष्ट हजार वेळा पाहिली होती. गिऱ्हाइकाला दुकान आवडलं की त्याचा हात सैल सुटतो. आज साबण घेतला तर पुढच्या वेळी साबण आणि तेल, मग एक दिवस विचारतो, टोमॅटो आहेत का? इथे एकसष्ट घरांतल्या एकाचाही हात सुटला नव्हता. माणसं पुन्हा पुन्हा येत होती आणि प्रत्येक वेळी दारातूनच परत जात होती.

"ताई, खा ना," बागस म्हणाला. "पुढच्या आठवड्यात चांग्शाहून देंगबाई येताहेत. पैसा त्यांचाच आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रेत्नो केंबांग तुरीत गेली, बहिणीला न सांगता. गल्लीच्या पुढच्या बाजूला शुकशुकाट. भाजीची गाडी पूर्वी सुलिसच्या दारासमोरच्या आंब्याखाली उभी राहायची. तिथे आता कोंबडी बसली होती. वळसा घालून ती नमाजाच्या खोलीमागे गेली, आणि तिथे, अंग चोरून उभी असलेली भाजीवाल्या तुगिमानकाकांची हिरवी गाडी आणि तिच्याभोवती पंधरा-वीस बाया! नाळीची भाजी, आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे, केळफूल, पळीभर वाटण बांधलेल्या पुड्या. चेष्टा चालली होती, भावावरून भांडण चाललं होतं. रेत्नोला पाहताच सगळं चिडीचूप झालं. एकीनं भाजीची जुडी चक्क पदराआड नेली.

"काका, इकडे कधीपासून?" रेत्नोनं विचारलं.

तुगिमान साठीचा, दात पडलेला, सुकल्या आंब्यासारखा सुरकुतलेला माणूस. "पोटापाण्याचं बघायचं बाळ. यांना तिथं लाज वाटती घ्यायला. तुझ्या ताईच्या डोळ्यांदेखत कसं घ्यायचं म्हणतात. मग म्या म्हनलं, गाडीला चाकं हायत. फिरवली."

"बू वार्सिती, तुम्ही तर दर आठवड्याला मागवता ताईकडून."

वार्सिती ही सुलिसची समोरची शेजारीण, जाडजूड, फटकळ. पण फटकळांनाही मर्यादा असते. ती आधी तेंपेच्या पुड्याशी चाळा करत राहिली. "घेते ना. साखर घेते. साखर काय, लागतेच. नासत तर नाही. घरात सहा किलो पडलीय, मुंग्यांची चैन आहे."

बाया हसल्या.

"नको असेल तर नका घेऊ की. ताई काय म्हणणार आहे?"

"तीच तर पंचाईत आहे ना! काही म्हणणार नाही ती. देवमाणूस. माझ्या सुनेच्या बाळंतपणात तीन रात्री बसलीय. पाक गुनादी तर," वार्सिती सुलिसच्या नवऱ्याबद्दल, गल्लीप्रमुखाबद्दल बोलत होती, "शाळेचा दाखला म्हणा, ओळखपत्र म्हणा, सगळ्याला त्यांची चिठ्ठी लागते. कधी नाही म्हणाले नाहीत. मग यादी येते गटावर. चाळीस नावं झाली, पन्नास झाली. बघणारा बघतोच ना कुणाचं नाव नाही ते. कुठल्या तोंडानं उद्या त्यांच्या पायरीवर जाऊ? एक किलो साखरेनं भीड राखली जात असेल तर स्वस्तच पडलं."

"आणि रेत्नो," ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे तिला सांगू नकोस हं. तिला फार लागेल."

रेत्नो गाडीशेजारच्या दगडावर बसली. तुगिमाननं तिला गोड चहाचा पेला दिला, तो तिनं संपवला. भीड! जावात जन्मलेली, जावात वाढलेली बाई ती. इथली माणसं नकार देत नाहीत, नकार देण्यापेक्षा सहा किलो साखर मुंग्यांना घालतात, हे तिला कुणी चिन्यानं शिकवायला हवं होतं का? चिनी पुस्तकात लिहिलेली मानाची बाई तिनं अशी शोधली की जिला कुणी नाही म्हणूच शकत नाही. आणि वर ती यादी. तिची अक्कल, तिची शान. सगळ्या गल्लीसमोर कोण आलं नाही ते दाखवणारी यादी. धंदा चालतो का हे तपासायचं सोडून तिनं चार महिने शेजाऱ्यांची भीड मोजली होती. आणि भीड भरपूर निघाली.

तिनं त्याच दिवशी दोन पानं लिहून काढली. तपासणी बाद. सहा नव्या गल्ल्या घ्याव्यात, तिथे प्रमुखाची नव्हे तर कुणाही साध्या घरची बाई निवडावी, मागणी तिला एकटीला निरोपानं कळावी, यादी बंद. दोन महिने थांबावं. पंधरा घरंही आली नाहीत तर धंदा सोडून द्यावा. पानं तिनं पिशवीत घातली आणि देंगबाई यायची वाट बघितली. त्याआधी बागसला का दाखवली नाहीत? रोज सकाळी दाखवायची ठरवायची. रोज त्याचा चेहरा असा फुललेला असायचा की म्हणायची, सगळ्यांसमोर एकदाच सांगू.

देंगबाई आल्या. पन्नाशीच्या, कापलेले केस, पायात साधे बूट. चांग्शाला त्यांनी स्वतः गटाच्या बाईपासून सुरुवात केली होती. त्यांचं चिनी बागस उलगडून सांगत होता. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले आणि रेत्नोनं पिशवीत हात घातला, तेवढ्यात दार उघडलं.

"सरप्राइज!" बागस म्हणाला. "आमची सर्वांत यशस्वी प्रतिनिधी."

सुलिस आत आली. अंगात गडद हिरवा केबाया, सणासुदीचा अंगरखा, खाली लग्नात नेसायचं बटीक, केस बांधलेले, हातात पाहुणीसाठी केळीच्या पानात बांधलेले गोड पदार्थ. ती इतकी ताठ चालत होती की रेत्नोला क्षणभर आपली आई आठवली. सुलिसनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि धाकटीच्या शेजारची खुर्ची घेतली. टेबलाखाली तिनं रेत्नोचा हात हळूच दाबला.

देंगबाईंनी तिला प्रश्न विचारले. माल वेळेवर येतो का, बर्फ पुरतो का, कुणी तक्रार करतं का. सुलिसनं अगदी घोकून आल्यासारखी उत्तरं दिली. शेवटी न राहवून ती म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्यांना फार आवडलंय. एक घर चुकत नाही. मला वाटायचं, शिवण सोडलं तर मी काय कामाची. पण यांनी मला..." आणि ती डोळे पुसत हसली.

देंगबाईंनी चष्मा काढला. "मला एक कळत नाही," बागस त्यांचे शब्द सांगू लागला. "आमच्याकडे नवीन गट झाला की पहिल्या महिन्यात शंभरातले वीस-पंचवीस लोक निघून जातात. ज्यांना नको ते जातात. उरतात ते खरे. तुमच्या तीन गटांतून चार महिन्यांत एकही माणूस गेला नाही. याची मला भीती वाटते." मग त्या थेट रेत्नोकडे वळल्या. "तपासणी तुम्ही केलीत. कुणी न सांगता, कुणी न बघता, यातले किती जण स्वतःहून मागवतील?"

जिच्या मुलखात भीड नावाची भानगड या पद्धतीनं चालत नाही, त्या बाईनं नेमकं बोट ठेवलं होतं. इतका सरळ प्रश्न रेत्नोला आयुष्यात कुणी विचारला नसेल. उत्तर पिशवीत होतं, दोन पानं, टाइप केलेली. शेजारी सुलिस तिच्याकडे बघत होती, ज्या नजरेनं तिनं रेत्नोचा पदवीचा कागद पाहिला होता, त्याच नजरेनं.

"आमच्याकडे शेजार फार घट्ट असतो," रेत्नो म्हणाली. "माणसं सहसा गट सोडत नाहीत."

"म्हणजे तपासणी खरी आहे?"

"हो."

"पुढे जायचं?"

"हो," रेत्नो म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

देंगबाईंनी चष्मा घातला आणि होकार दिला. सुलिसनं आणलेले पदार्थ उघडले गेले.

दुसऱ्या दिवशी रेत्नोनं बागसला गाठलं नाही असं नाही. "मला वाटतं, आणखी थोडं तपासलं तर बरं होईल," ती म्हणाली. "एखाददोन ठिकाणी साधी बाई घेऊन." इतकं मऊ बोलली की ऐकणाऱ्याला चटका बसायचा प्रश्नच नव्हता. "करू ना ताई, चालता चालता करू," बागस म्हणाला. "तुम्हीच तर हो म्हणालात." आणि एकशेचाळीस गल्ल्यांची यादी तिच्यापुढे सरकवली. सगळ्या प्रमुखीणबाया. तिचीच पद्धत होती ती, जसंच्या तसं.

एकशेचाळीस गल्ल्यांत गाड्या जाऊ लागल्या तशी साखर-साबणानं त्या भरेनात. एका नावामागे एक वस्तू, त्यात डिझेलही सुटत नव्हतं. जुलैत बागसनं 'आजची भाजी' नावाचं पुडकं काढलं आणि प्रमुखीणबायांना सांगितलं, यादीत आता पुडकंच पहिलं टाका. सुलिसनं टाकलं. १. बू सुलिस, पुडकं एक. खाली नावं लागत गेली, एकोणसाठ पुडकी. आता बायांची पंचाईत झाली. साखर साठते, नाळीची भाजी साठत नाही. दोन्हीकडून कोण घेणार? भीड एकीकडे आणि तुगिमानकाका एकीकडे, तर काका काही दाखल्याची चिठ्ठी देत नव्हते. नमाजाच्या खोलीमागे बाया कमी होत गेल्या. सप्टेंबरात त्यांनी गाडी विकली आणि ते मुलाकडे देमाकला गेले. जाताना सुलिसच्या घरी निरोप घ्यायला आले, आणि सुलिसनं त्यांना एक पुडकं भेट दिलं. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात त्या भागातल्या सगळ्या गल्लीप्रमुखांची मुदत संपली. गुनादींची दोन वेळा झाली होती, तिसऱ्यांदा उभं राहायची सोय नव्हती. केंबांग तुरीनं एका शाळामास्तराला निवडलं. त्याची बायको कारखान्यात पाळीवर जायची, तिला प्रमुखीणबाई म्हणून मिरवायला वेळच नव्हता. गुनादींच्या निरोपाला सगळ्या गल्लीनं जेवण केलं, बाया सुलिसच्या गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं अगदी खरं होतं.

त्या सोमवारी सुलिसनं नेहमीसारखी यादी टाकली. १. बू सुलिस, पुडकं एक. नऊ वाजेपर्यंत खाली दोन नावं आली. मंगळवारी एक. कुणी गट सोडला नाही, कुणी काही बोलली नाही. सकाळी दारात भेटल्या की त्याच मायेनं हसत होत्या, "अगं, काल विसरलेच बघ," म्हणत होत्या. त्या भागातल्या चौदा गल्ल्यांपैकी अकरांत प्रमुख बदलला होता आणि अकरांत हेच झालं. ऑफिसात बागस तक्त्यापुढे बसून होता. "एकाच आठवड्यात? ताई, हे कसं शक्य आहे?" रेत्नोनं एक कागद पुढे ओढला. बाकीच्या भागांत मार्चमध्ये मुदत संपत होती, हे तिनंच त्याला तारखांसकट लिहून दिलं. देंगबाईंचा फोन आला, तो फार वेळ चालला नाही.

गाड्या बंद करायचा निर्णय झाला त्या दुपारी रेत्नो स्वतः केंबांग तुरीला गेली. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगावं, एवढी हिंमत तिनं गोळा केली होती. सुलिस ओसरीवर बसली होती. बर्फाची पेटी उघडी, आत वितळत आलेल्या पाण्यात एकच पुडकं, तिचं स्वतःचं. समोर वार्सिती हातात रिकामी पिशवी घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागली होती. गल्लीत गाडी उरली नव्हती, त्यामुळे आता भाजीसाठी दोन किलोमीटर चालावं लागत होतं. तिनं लांबूनच हात हलवला आणि पाय उचलला.

"बंद करताय ना?" सुलिसनं विचारलं.

"हो."

"मी विचार करत होते," सुलिस म्हणाली. "काल रात्रीपासून एकच विचार. त्या आवडीनं घेत होत्या की मी प्रमुखीणबाई होते म्हणून घेत होत्या?"

रेत्नो पायरीवर बसली.

"तुझ्याकडे आकडे असतात. कुणी काय घेतलं, किती वेळा घेतलं. तुला दिसलं असेल."

"दिसलं होतं."

"कधी?"

"देंगबाई यायच्या आधी."

सुलिसनं मान हलवली, एखाद्या परक्या माणसाचा पत्ता समजून घ्यावा तशी. मग तिनं पदरानं बर्फाच्या पेटीची कड पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. "त्यानंतर आठ महिने मी या सगळ्यांच्या दारात उभी राहिले. सणाला विचारलं, आजारपणात विचारलं, पुडकं नेलंस का म्हणून. माझ्या तोंडावर त्या हसत होत्या आणि मी... तुगिमानकाकांना मी पुडकं दिलं, रेत्नो. त्यांचाच घास काढून त्यांनाच दिलं. तू सांगितलं असतंस तर मी पाटी काढली असती त्याच दिवशी. का नाही सांगितलंस?"

उत्तरं पुष्कळ होती. बागस, देंगबाई, एकशेचाळीस गल्ल्या. पण सुलिसपुढे त्यातलं एकही टिकलं नसतं.

"तू तिथे बसली होतीस," रेत्नो म्हणाली. "केबाया घालून. माझ्याच्यानं तुला नाही म्हणवेना."

सुलिसनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर रेत्नोला सोसवलं असतं.

"म्हणजे त्या यादीत तुझंही नाव होतंच," सुलिस म्हणाली, आणि पेटीतलं पुडकं काढून तिनं ते धाकटीच्या हातात दिलं, पाहुण्याला द्यावं तसं, दोन्ही हातांनी.